प्रश्नाला खो

मराठी माणूस प्रश्न विचारताना घाई करत नाही. आधी तो अख्खं वाक्य बोलून मोकळा होतो आणि मग शेवटी सावकाश एक ‘का’ चिकटवतो. ‘साहेब आहेत’ इथपर्यंत दारावरच्या शिपायालाही कळत नाही, की समोरचा माहिती देतोय की मागतोय. ‘का’ आला की उलगडा होतो. काहींना त्या ‘का’चाही कंटाळा असतो. ते नुसतंच ‘जेवलास?’ म्हणतात आणि आवाज वर नेतात; पण नेतात तोही शेवटालाच. या पद्धतीत मोठी सोय आहे. वाक्य बोलता बोलता मत बदललं तरी चालतं. ‘तुम्ही माझे पैसे आजच्या आज देणार’ इथपर्यंत दरडावत आलेला गृहस्थ समोरच्याचे दंड पाहतो, ‘...का?’ जोडतो आणि सुखरूप घरी जातो.

रशियन भाषेत ही पळवाट नाही. तिथे बोलताना हो-नाहीच्या प्रश्नाला ‘का’ लागत नाही, शब्दांची जागा बदलत नाही, इंग्रजीसारखं क्रियापद उचलून पुढे आणून बसवावं लागत नाही. वर्तमानकाळात ‘आहे’सुद्धा म्हणत नाहीत. ‘मामा दोमा’ म्हणजे ‘आई घरी’. (रशियन मामा म्हणजे आई. आपल्या मामांनी उगाच बाह्या सावरू नयेत.) या दोन शब्दांपुढे पूर्णविराम दिला की आई घरी आहे, आणि प्रश्नचिन्ह दिलं की आई घरी आहे का. कागदावर फरक एवढाच. बोलताना मात्र प्रश्नचिन्ह खिशातून काढून दाखवता येत नाही. जे काय करायचं ते गळ्यानेच करायचं असतं.

आणि गळ्याने काय करायचं, इथेच आपली मंडळी अडकतात. सगळ्यांना वाटतं, यात काय मोठंसं! शेवटी आवाज वर नेला की झाला प्रश्न. जगात सगळीकडे तसंच असणार. म्हणून ते ‘मामा दोमाऽऽ?’ असा ‘मा’ वर टांगून ठेवतात. रशियन माणूस त्या टांगलेल्या ‘मा’कडे बघत राहतो. त्याच्या भाषेत प्रश्न ‘मा’वर नसतोच. तो ‘दो’वर असतो. ‘दो’ म्हणताना आवाज एकदम, त्या एका स्वराच्या आतल्या आत, उंच झेपावतो आणि ‘मा’ येईपर्यंत खाली उतरून शांतही झालेला असतो. तापत्या दुधासारखं आहे ते. भस्सकन वर आलं पाहिजे आणि त्याच क्षणी गॅस बारीक झाला पाहिजे. आपण गॅस बारीक करायला विसरतो.

हा हिशेब पद्धतशीर मांडला तो येलेना ब्रिझगुनोवा या बाईंनी. मॉस्को विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्याच्या कामातून त्यांनी रशियन वाक्यांच्या चाली वेगळ्या काढल्या. १९६३ साली त्यांचं उच्चार आणि स्वरांच्या चढउतारावरचं पुस्तक आलं, आणि १९८० च्या अकादमीच्या मोठ्या रशियन व्याकरणात या विषयाचा भागही त्यांनीच लिहिला. त्यांच्या मते अशा चाली एकंदर सात. त्यांना क्रमांक आहेत, आणि थोडक्यात त्यांना ‘ईका’ म्हणतात: ईका-१, ईका-२ अशा. पाठ्यपुस्तकात वाक्यातल्या नेमक्या एका अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडा छापलेला असतो. तो त्या वाक्याचा मध्य. साधं विधान म्हणजे ईका-१: मध्यावर आवाज खाली उतरतो. हो-नाहीचा प्रश्न म्हणजे ईका-३: मध्यावर आवाज उसळतो आणि मागोमाग पडतो. सातही चाली इथे गात बसत नाही. रोजचा व्यवहार पहिल्या चारांवर चालतो, उरलेल्या तीन उद्गार काढायला, हळहळायला आणि ‘कसला आलाय तो डॉक्टर!’ छापाचं बोलायला. त्या आपोआप येतात. रशियात एक हिवाळा काढला की हळहळ कुणाला शिकवावी लागत नाही.

पुण्यातल्या एका रशियनच्या वर्गात मी ही ईका-३ शिकवली जाताना पाहिली आहे. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, मध्येच तिला सरळ उभं टोक काढलं आणि पुन्हा रेघ खाली आणून आडवी नेली. वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, ‘बाई, हा कार्डिओग्राम झाला.’ बाई म्हणाल्या, ‘अगदी बरोबर. तसाच काढा तोंडातून.’ काकांनी काढला. पण मराठी गळा चाळीस वर्षं ‘का’ लावत आलेला. बाईंचं टोक काढून झाल्यावर त्यांनी शेवटी स्वतःचंही एक टोक काढलं. एका प्रश्नाला दोन शिखरं झाली. बाई म्हणाल्या, ‘काका, पहिलं तुमचं, दुसरं सवयीचं. दुसरं परत करा.’ काका चिकाटीचे. दुसरं शिखर परत करायला त्यांना पूर्ण सत्र लागलं, पण त्यांनी ते केलं.

गंमत अशी, की काकांचा गैरसमज होण्यात थोडी चूक रशियन भाषेचीही आहे. पाठ्यपुस्तकांतलं पहिलं उदाहरण बहुतेक वेळा ‘एता आन्तोन’ हे असतं. ‘हा आन्तोन आहे’ आणि ‘हा आन्तोन आहे का?’ आता आन्तोन या नावात जोर येतो तो ‘तोन’वर, म्हणजे वाक्याच्या अगदी शेवटच्या अक्षरावर. आवाज तिथे उसळतो, आणि उतरायला पुढे अक्षरच शिल्लक नसतं. त्यामुळे तो वरच राहतो. विद्यार्थी ऐकतो आणि मनाशी म्हणतो, ‘हां, शेवटी वर. आपलंच आहे की!’ पुढच्या पानावर आन्तोनच्या जागी आन्ना येते. तिचा जोर ‘आन्’वर, मागे ‘ना’ उरतो, आणि तो ‘ना’ खाली यायला हवा. पण तोवर विद्यार्थ्याचं मत बनलेलं असतं. माझ्या हातात असतं तर मी आन्तोनला पहिल्या धड्यातून रजा दिली असती आणि आन्नालाच बोलावलं असतं.

आता हे सगळं चुकलं तर काय होतं? पेपरात गुण जात नाहीत. बसमध्ये जातात.

माझा भाचा रशियात डॉक्टरी शिकतोय. मराठी मुलांचा तिथे चांगला मोठा गोतावळा आहे, त्यामुळे वसतिगृहात वरणभात आणि मराठी दोन्हींची सोय होते आणि रशियनची परीक्षा बसमध्ये द्यावी लागते. तिकडे गर्दीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत आपला थांबा जवळ आला की दाराकडे सरकायचं आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं: ‘वी विखोदिते?’ म्हणजे ‘तुम्ही उतरताय का?’ त्याला उतरायचं असेल तर तो ‘हो’ म्हणतो आणि आपण त्याच्या मागे उभे राहतो. उतरायचं नसेल तर दोघं अंग चोरून जागांची अदलाबदल करतात. धक्काबुक्की नाही, ‘ओ, सरका की’ नाही. फार सभ्य पद्धत आहे. फक्त तिच्यातली सगळी सभ्यता ‘विखोदिते’मधल्या ‘खो’वर उभी आहे. ‘खो’ उंच गेला आणि ‘दिते’ खाली आलं, की प्रश्न.

भाच्याचा एक मित्र, लातूरकडचा, स्वभावाने अतिशय गरीब. रशियन येत नाही या भीतीने तो जे काही बोले ते हळू आणि सपाट बोले, म्हणजे कुणाला राग यायला नको. एकदा दाराशी एक आजीबाई भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. याने अदबीने, मान खाली घालून, एका सुरात म्हटलं, ‘वी विखोदिते.’ ‘खो’ इतर अक्षरांच्या बरोबरीचा, आणि शेवट अलगद खाली. व्याकरण निर्दोष. अर्थ मात्र असा झाला: ‘तुम्ही उतरताय.’ निकाल लागल्यासारखा. आजीबाई वळल्या, त्याला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, ‘क्तो वाम एता स्काझाल?’ म्हणजे ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ पोरगा घाबरला. त्याने आणखी अदबीने, आणखी हळू आणि आणखी सपाट तेच वाक्य पुन्हा म्हटलं. म्हणजे आजीबाईंच्या कानाला ऐकू आलं ते असं, की हा नुसता आगाऊ नाही, ठामही आहे. पिशव्या आजीबाईंनी आणखी घट्ट धरल्या. त्याचा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर त्या खरोखरच उतरल्या आणि हा त्यांच्या मागोमाग उतरला, त्यामुळे त्यांचं याच्याबद्दलचं मत सुधारायला वाव राहिला नाही.

या प्रकरणात लक्षात घ्यायचं ते हे, की मुलाने उद्धटपणा दाखवला नाही, त्याने फक्त लाज दाखवली. आपल्याकडे लाजरा माणूस आवाज दाबून बोलतो आणि त्याला आपण नम्र म्हणतो. शेवटी ‘का’ आहे, तो भार उचलतो. रशियन प्रश्नात भार उचलायला दुसरं कुणी नसल्यामुळे आवाज दाबला की प्रश्न मरतो आणि त्याच्या जागी हुकूम उभा राहतो. भाच्याच्या सीनियरांनी त्या मुलाला एकच उपदेश केला: ‘लाजायचं तर लाज, पण खोवर लाजू नको.’

तुमचा प्रश्न प्रश्न म्हणून पोहोचला की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही, उत्तर ऐकायचं. ‘मामा दोमा’ विचारल्यावर समोरच्याने ‘दोमा’ म्हटलं, तर पोहोचला. ‘बरं’ म्हटलं, ‘मग?’ म्हटलं किंवा तो नुसताच तुमच्याकडे बघत राहिला, तर तुम्ही त्याला एक बातमी सांगितली आहे आणि तो तिच्या पुढच्या भागाची वाट पाहतोय.

उत्तरातून आणखीही एक गोष्ट कळते, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते. समजा, विचारायचंय: ‘वी झाफ्त्रा येदिते व मस्क्वू?’ तुम्ही, उद्या, जाताय, मॉस्कोला. इथे शिखर कुठल्या शब्दावर न्यायचं? कुठल्याही. पण प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा. ‘येदिते’च्या ‘ये’वर नेलं, तर जाणार की नाही एवढंच विचारलं. ‘झाफ्त्रा’च्या ‘झाफ्’वर नेलं, तर जाणार हे ठाऊक आहे, उद्याच का ते हवंय. ‘मस्क्वू’वर नेलं, तर मॉस्कोलाच की दुसरीकडे कुठे. ‘वी’वर नेलं, तर ‘तुम्हीच का? दुसरं कुणी नाही का मिळालं?’ आपण हे काम ‘च’कडून करून घेतो: तुम्हीच, उद्याच, मॉस्कोलाच. रशियन माणूस ते एका अक्षराच्या उंचीवर भागवतो. आणि उत्तर देताना ज्या शब्दावर शिखर होतं तोच शब्द तो बहुधा परत देतो. ‘येदू’ म्हणजे ‘जातोय’. किंवा ‘दा, झाफ्त्रा’ म्हणजे ‘हो, उद्या’. त्याच्या तोंडून कुठला शब्द परत आला, त्यावरून तुम्ही खरं काय विचारलंत हे तुम्हालाच कळतं. तुम्हाला जाणार की नाही हे हवं होतं आणि उत्तर आलं ‘हो, मीच’, तर तुमचं शिखर ‘वी’वर घसरलं होतं, आणि समोरचा जरा दुखावलेलाही असू शकतो.

‘वी’वरचा प्रश्न सगळ्यात अवघड. कारण शिखर पहिल्याच अक्षरावर असतं आणि उरलेलं सगळं वाक्य, झाफ्त्रापासून मस्क्वूपर्यंत, खालच्या पट्टीत सरपटत न्यावं लागतं. मराठी गळ्याला एवढा वेळ खाली राहवत नाही. शेवट दिसू लागला की तो डोकं वर काढतोच. शिवाय प्रश्नचिन्ह छापलेलं असतं शेवटी, तेही डोळा मारत असतं. स्पॅनिशवाले निदान एक उलटं प्रश्नचिन्ह वाक्याच्या तोंडाशी लावून आधी सूचना देतात. रशियनमध्ये आवाज वर जाऊन, खाली येऊन, काम उरकून घरी गेलेला असतो आणि प्रश्नचिन्ह मागाहून वरातीमागच्या घोड्यासारखं येतं.

मग शेवट वर नेणारी चाल रशियनमध्ये नाहीच का? आहे. ती ईका-४. आवाज मध्यावर जरा खाली दबतो आणि मग शेवटाकडे वर चढत राहतो. ‘अ वी?’ म्हणजे ‘आणि तुम्ही?’ हे अगदी याच चालीत म्हणतात, आणि ते आपल्याला पहिल्या दिवसापासून उत्तम जमतं, कारण ते आपल्या ‘आणि तुम्ही?’सारखंच आहे. पण हीच चाल आणखी एका ठिकाणी वापरतात. खिडकीमागचा कारकून, तिकीट तपासनीस, सीमेवरचा अधिकारी याच चालीत विचारतो: ‘फमीलिया?’ म्हणजे ‘आडनाव?’ ‘वाश बिल्येत?’ म्हणजे ‘तुमचं तिकीट?’ त्यात आवाज चढलेला नसतो, शिवी नसते, पण खिडकी असते. ‘काढा, आणि लवकर’ हे न बोलता बोललेलं असतं.

म्हणून आपला विद्यार्थी जेव्हा सगळेच प्रश्न शेवटी वर टांगतो, तेव्हा तो स्वतःच्या नकळत खिडकीमागे जाऊन बसतो. घरमालकिणीला तो प्रेमाने विचारतो: दूध? पाव? साखर? त्याला म्हणायचं असतं, दुकानात चाललोय, काही आणू का. तिला ऐकू येतं ते असं, की सामानाची तपासणी सुरू झाली. एखाद्या मुलीला तो पहिल्या भेटीत नाव विचारतो, आणि ती बिचारी पटकन नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही सांगून टाकते. हा खूश, की मुलगी मोकळी आहे.

कोण, कुठे, किती, कसं या शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांची मात्र उलटी तऱ्हा. तिथे प्रश्नार्थक शब्द हजर असल्यामुळे आवाजाला वर जायची गरज उरत नाही. तो मध्यावर जोर देऊन खाली पडतो. ही ईका-२. ‘काक वास झवूत?’ (तुमचं नाव काय?) किंवा ‘स्कोल्का स्तोइत?’ (किती पडतील?) हे रशियन माणूस इतक्या ठाम उतारावर म्हणतो, की आपल्याला वाटतं हा खेकसला. तो खेकसलेला नसतो. त्याला नुसतं नाव हवं असतं.

आपल्याला तो उतार उद्धट वाटतो, म्हणून आपण सभ्यपणे तोही प्रश्न वर नेतो, आणि इथे नवा घोटाळा होतो. ‘काक वास झवूत?’ वर नेऊन म्हटलं, की त्याचा अर्थ बहुधा ‘काय म्हणालात नाव? पुन्हा सांगा’ असा लागतो. नाव अजून सांगितलेलंच नसतं. समोरचा गोंधळून विचार करतो, की आपण मघाशी भेटलो होतो काय? आणि बाजारात ‘स्कोल्काऽ?’ असं वर नेलं, की ते ‘कितीऽऽऽ?’ होतं. भाव ऐकून डोळे पांढरे झाल्याचं ते लक्षण. फरक इतकाच, की बाईने अजून भाव सांगितलेलाच नाही. तुळशीबागेत वाढलेल्या माणसाला यात गैर काही दिसणार नाही. रशियन भाजीवाल्या बाईला दिसतं.

याला एक अपवाद आहे, तो सांगितला नाही तर जाणकार मला धरतील. लहान मुलाला ‘तुला कितवं वर्ष?’ विचारताना, किंवा कुणाशी लाडीगोडीने बोलताना, रशियन लोकही असे प्रश्न वर नेतात. त्याने प्रश्न मऊ होतो. पण कुठे मऊ करायचं हे कळायला आधी कडक करता आलं पाहिजे. सगळ्यांनाच मऊ विचारत सुटलात, तर बँकेतल्या अधिकाऱ्याला ‘काय रे सोन्या, किती वाजता उघडता?’ असं काहीसं ऐकू जातं.

सगळ्यात मोठा अपघात विनंतीत होतो. रस्त्यात अनोळखी माणसाला विचारायची रशियन रीत नकारातून जाते: ‘वी नि स्काझिते, ग्दे मेत्रो?’ शब्दशः, ‘तुम्ही सांगणार नाही, मेट्रो कुठे?’ दुकानात: ‘ऊ वास न्येत रूच्की?’ म्हणजे ‘तुमच्याकडे पेन नाही?’ या ‘नाही’त नकार नसतो, अदब असते. ती अदब ‘स्काझिते’च्या ‘स्का’वर आणि ‘न्येत’वर उसळी घेतली तरच बाहेर येते. न घेतली तर शब्द उघडेच पडतात. आपला सज्जन, सपाट बोलणारा विद्यार्थी मॉस्कोच्या रस्त्यावर एका गृहस्थाला गाठतो आणि खालच्या सुरात सुनावतो: ‘मेट्रो कुठे आहे ते तुम्ही सांगणार नाही.’ गृहस्थ थबकतो. असा आरोप त्याच्यावर आजवर कुणी केलेला नसतो. पेनाचंही तेच: ‘तुमच्याकडे पेन नाही.’ दुकानदाराच्या मागे पेनांची भिंत असते.

आता उद्धटपणाकडून अनिश्चिततेकडे. विधान म्हणजे ईका-१, आणि ते खरोखर खाली उतरावं लागतं, आवाजाच्या तळापर्यंत. आपली मुलं तिथेही अर्ध्यावर थांबतात, कारण तळापर्यंत उतरलेला आवाज आपल्या कानाला रुसलेला वाटतो. पण रशियनमध्ये वाक्याच्या मध्येच, पुढे अजून काही यायचंय हे दाखवायला, आवाज वर ठेवतात. ‘मी आलो तेव्हा (वर), बर्फ पडत होता (खाली).’ त्यामुळे वर राहिलेला आवाज म्हणजे ‘थांबा, संपलं नाही’. भाच्याच्या वर्गातला एक मुलगा कार्यालयाच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला: मी भारतातून आलो, मी पहिल्या वर्षाला आहे, मला दाखला हवा आहे. तिन्ही वाक्यं त्याने नम्रपणे वर टांगली. खिडकीतल्या बाई पेन उचलून थांबल्या. तोही थांबला. त्याला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांना वाटलं, हा अजून मुद्द्यावर यायचाय. शेवटी त्या म्हणाल्या, ‘नू?’ म्हणजे ‘बरं, मग?’ त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच नेऊन टांगलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका रशियन मुलाने त्याचं शेवटचं वाक्य त्याच्या वतीने खाली उतरवून म्हटलं, शब्द अगदी तेच. बाईंनी लगेच अर्ज पुढे सरकवला.

हा गैरसमज दोन्ही बाजूंनी चालतो. गोव्यात मोरजीला जाऊन बघा. तिथे रशियन पाहुणे इतके येत, की दुकानांच्या पाट्याही रशियनमध्ये लागल्या. रशियन पाहुणा इंग्रजी बोलतो ते स्वतःच्या चालीवर. ‘माझी खोली कुठे?’ हा त्याचा प्रश्न ईका-२ च्या उतारावर धाडकन खाली येतो आणि काउंटरवरच्या पोराला वाटतं, खोली हरवल्याबद्दल आपल्यालाच जबाबदार धरलंय. तो ‘सॉरी सर’ म्हणतो. पाहुण्याला कळत नाही की सॉरी कशाबद्दल. अनुभवी वेटर मात्र अशा सॉरीच्या भानगडीत पडत नाहीत, बोटाने जिना दाखवतात.

सरावाचं म्हणाल, तर पुण्याच्या बाईंची रीत मला पटली. त्या पुस्तकातल्या क्रमाने जात नाहीत. त्या आधी शेपूट लांबवत नेतात. पहिल्यांदा नुसतं ‘दोमा?’ म्हणजे एक शिखर आणि मागे एकच अक्षर. ते खाली यायला लागलं की ‘विखोदिते?’ म्हणजे शिखरामागे दोन अक्षरं. मग ‘आन्ना’वर शिखर ठेवून ‘आन्ना दोमा?’ म्हणजे मागे तीन. असं करत शेवटी ‘वी झाफ्त्रा येदिते व मस्क्वू?’ हे ‘वी’वर शिखर ठेवून. प्रत्येक वेळी शब्द न म्हणता आधी नुसतं ‘म्म’ करून गुणगुणायला लावतात, कारण शब्द आले की जीभ घाबरते आणि गळा जुन्या वाटेला लागतो. मोबाइलवर स्वतःचा आवाज भरून घ्यायचा आणि फक्त शेवटचं अक्षर ऐकायचं. ते वर असेल तर पुन्हा. शिखर पुरेसं उंच झालं की नाही हे स्वतःला कळत नाही. नवशिक्याला जे ‘फारच नाटकी’ वाटतं, ते रशियन कानाला जेमतेम पुरेसं असतं. बाईंच्या शब्दांत: ‘लाज वाटली की समजा, जवळ आलात.’

हे सगळं टाळायची एक युक्ती हुशार विद्यार्थी दुसऱ्या सत्रात शोधून काढतात. रशियनमध्ये ‘ली’ नावाचा एक इवलासा शब्द आहे, तो बराचसा आपल्या ‘का’सारखाच. ‘दोमा ली मामा?’ म्हटलं की आवाज कसाही न्या, प्रश्न तो प्रश्नच राहतो. काकांनाही तो सापडला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पेन्शन सुरू झाल्याचा आनंद होता. ‘घरी आहे की नाही ते ठाऊक नाही’ अशा जोडवाक्यात ‘ली’ लागतोच, तिथे तो हक्काने वापरावा. पण सरळ प्रश्नात तो पुस्तकी लागतो. ‘आपल्या मातोश्री निवासस्थानी उपस्थित आहेत किंवा कसे?’ असं शेजारच्या पोराला दारात विचारल्यासारखं होतं. पोरगं उत्तर देतं, पण आधी आत जाऊन सांगतं, की कोर्टाचा माणूस आलाय. तेव्हा येत्या सप्टेंबरला ज्यांच्या घरचं कुणी रशियात पहिल्या वर्षाला जाणार असेल, त्यांनी लोणच्याच्या बरण्या भरता भरता त्याच्याकडून ‘वी विखोदिते?’ एवढं म्हणवून घ्यावं, आणि ‘दिते’ खाली येईपर्यंत बॅगेची चेन लावू नये.